स्पिंडलचा क्लेम आणि कंपनीचे वॉरंटीपत्र : आमच्या ग्राहकांसाठी

सप्रेम नमस्कार.

आपल्या वर्कशॉपमध्ये आम्ही बसवलेल्या आयात व्हीएमसी मशिनसोबत उत्पादक कंपनीचे वॉरंटीपत्र येते. दोन पानांचे, बारीक अक्षरातले. बहुतेक ग्राहक ते फाइलला लावतात आणि बिघाड झाला की मगच उघडतात. त्या वेळी पत्रातले प्रत्येक वाक्य आपल्याच विरुद्ध लिहिल्यासारखे वाटते. खरे पाहता पत्रात तीनच गोष्टी असतात: मुदत किती, क्लेम कसा करायचा आणि काय भरून मिळणार नाही. या तिन्ही गोष्टी आम्ही एका ग्राहकाच्या स्पिंडलच्या क्लेमवरून सांगतो. तो क्लेम आधी नाकारला गेला होता, नंतर मंजूर झाला.

पहिली गोष्ट मुदतीची. पत्रात "मशिन सुरू करून दिल्यापासून १२ महिने किंवा कारखान्यातून रवाना झाल्यापासून १८ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते" असे वाक्य असते. ग्राहकाच्या लक्षात १२ महिने राहतात, बाकीचे वाक्य राहत नाही. या ग्राहकाचे मशिन १० जानेवारीला जहाजावर चढले. प्रवास, कस्टम्स, त्यानंतर फाउंडेशन आणि वीजजोडणीची वाट पाहत ते पेटीतच पडून होते. सुरू झाले ५ ऑगस्टला. १२ महिने धरले तर वॉरंटी पुढच्या वर्षीच्या ४ ऑगस्टला संपायला हवी. पण रवानगीपासूनचे १८ महिने ९ जुलैलाच भरत होते. म्हणजे जवळजवळ चार आठवडे पेटीतच गेले. तेव्हा बिल ऑफ लेडिंगवरची तारीख आणि सुरू करून दिल्याच्या प्रमाणपत्रावरची तारीख या दोन्ही मशिनच्या कंट्रोल पॅनेलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. प्रमाणपत्रावर आपली सही झाली आहे ना, हेही पाहा. सही नसेल तर कंपनी सरळ रवानगीची तारीख धरते.

२६ जूनला ऑपरेटरच्या लक्षात आले की ६००० आरपीएमच्या वर स्पिंडल घरघर करतो आणि त्याचा पुढचा भाग हात ठेववणार नाही इतका तापतो. खालच्या आरपीएमवर काम चालत होते. ओळखीच्या मिस्त्रीने सांगितले की पुढचे बेअरिंग गेले आहे, दुपारपर्यंत काढून दुसरे बसवतो. मालकांनी नाही म्हटले आणि आम्हाला फोन केला. पुढे क्लेम वाचला तो या एका निर्णयामुळे.

त्याचे कारण असे. वॉरंटीपत्रात "उत्पादकाच्या लेखी परवानगीशिवाय उघडलेला भाग वॉरंटीबाहेर" असे कलम असते. कंपनी अडवणूक करते असे आपल्याला वाटते, पण बेअरिंग का गेले हे त्याच्या आतल्या खुणांवरूनच कळते आणि बेअरिंग खेचून काढताना त्याच खुणा बिघडतात. ठोकर बसली असेल तर रेसवर गोळ्यांच्या अंतराने खड्डे दिसतात. पाणी शिरले असेल तर ग्रीस दुधाळ होते आणि गंज धरतो. पुलर लावून ओढले की गोळ्यांचा दाब रेसवर येतो आणि तसेच खड्डे नव्याने पडतात. मग ते ठोकरीचे की काढण्याचे हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि संशयाचा फायदा पत्र लिहिणाऱ्याला मिळतो. याआधी एका ग्राहकाचा अगदी साधा क्लेम आम्ही याच कारणाने गमावला. स्पिंडल आमच्यापर्यंत आला तेव्हा तो धुऊन, पुसून, नवे ग्रीस भरून आला होता.

क्लेमची पद्धत तशी सोपी आहे. बिघाड लक्षात आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी कळवायचे. फोन पुरेसा नाही. कळवण्यात मशिनचा सिरियल नंबर, स्पिंडलचे चाललेले तास, बिघाड कोणत्या आरपीएमवर दिसतो ते आणि कंट्रोलवरच्या अलार्म हिस्टरीच्या सगळ्या पानांचे फोटो हवेत. हिस्टरी पुसू नका. ती पुसलेली दिसली की ठोकर लपवली असाच अर्थ काढला जातो. आवाजाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, आणि तो करताना कंट्रोलच्या पडद्यावरचा आरपीएमचा आकडा चित्रात दिसू द्या. हे सगळे पोचले की कंपनी क्लेम नंबर देते. त्या नंबरशिवाय पाठवलेला भाग त्यांच्या गोदामात कोणाच्याच नावाने जमा होत नाही.

या ग्राहकाने २९ जूनला कळवले आणि २ जुलैला नंबर मिळाला. नवे स्पिंडल युनिट ऑगस्टमध्ये आले, म्हणजे मुदत संपल्यानंतर. तरीही क्लेम मुदतीत धरला गेला, कारण लेखी सूचना पोचल्याची तारीख मोजतात, दुरुस्तीची नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात काही वेगळे जाणवले तर "बघू, वाढले तर कळवू" असे करू नका.

स्पिंडल उतरवण्यापूर्वी आमचा इंजिनिअर दोन तास फक्त मापे घेत होता. टेपरच्या आतला रनआउट मशिन सुरू करताना ३ मायक्रॉन होता, आता ४ आला. टेस्ट बार लावून ३०० मिलिमीटरवर आधी ८ होता, आता ९. जोराची ठोकर बसलेल्या स्पिंडलमध्ये हे आकडे इतके जवळ राहणे अवघड. शिवाय अलार्म हिस्टरीत ओव्हरलोडची एकही नोंद नव्हती. दोन्हींतून ठोकरीची शक्यता जवळजवळ गेली.

मग त्याने एअर पर्ज पाहिला. स्पिंडलच्या तोंडाशी असलेल्या बारीक फटीतून थोडी कोरडी हवा सतत बाहेर येत असते, ती कूलंटला आत येऊ देत नाही. ही हवा कामाच्या वेळी तर हवीच, पण काम थांबल्यावर जास्त लागते. गरम स्पिंडल थंड होताना आतली हवा आकसते आणि तोंडाशी साचलेला कूलंटचा ओलावा आत ओढला जातो. स्पिंडल थांबलेला आणि हवा सुरू असताना कागदाची पातळ पट्टी तोंडाभोवती फिरवली तर ती हलायला हवी. इथे ती हललीच नाही. मागच्या रेग्युलेटरवर मात्र दाब बरोबर दाखवत होता. गेज अडथळ्याच्या आधी असेल तर हवा वाहत नसली तरी तो पूर्ण दाब दाखवतो, त्यामुळे रोज गेज पाहणाऱ्यालाही काही कळले नसते.

हेडचे कव्हर काढल्यावर कारण दिसले. एअर पर्जची नळी एका ब्रॅकेटखाली दबून चपटी झाली होती. त्या कव्हरवरचे कारखान्याचे सील तोपर्यंत अखंड होते. सीलचा, कव्हर उघडतानाचा आणि चपट्या नळीचा असे तीन फोटो तारखेसह घेतले. आधीच्या सगळ्या क्लेममध्ये आम्हीही इतकी काळजी घेतली नव्हती हे इथे मान्य करायला हवे. आता हा आमच्या कामाचा नियम आहे.

जुने युनिट न धुता, तोंडाला टोपी लावून कंपनीकडे गेले. पाच आठवड्यांनी पत्र आले: पुढच्या बेअरिंगमध्ये गंज, ग्रीस दुधाळ, म्हणून "अपुऱ्या किंवा दूषित हवापुरवठ्यामुळे द्रव शिरणे" या कलमाखाली क्लेम अमान्य, नव्या युनिटचे बिल पाठवत आहोत. मालक हबकले. पण असे पहिले पत्र म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. तपासणी करणाऱ्यासमोर फक्त बेअरिंग असते. ते पाण्याने गेले हे तो बरोबर सांगतो, पण पाणी का शिरले हे त्याला टेबलावर दिसत नाही.

हे वगळलेले कलम नीट समजून घ्या, कारण स्पिंडलचे बहुतेक वाद त्यावरच होतात. हवापुरवठा देण्याची जबाबदारी आपली आहे. कॉम्प्रेसरला ड्रायर नसेल तर एअर पर्जचीच हवा पाणी घेऊन बेअरिंगमध्ये जाते, म्हणजे रक्षणासाठी दिलेली हवाच घात करते. मशिनच्या पुस्तकात हवेच्या दर्जासाठी आयएसओ ८५७३-१ चे तीन आकडे दिलेले असतात. पहिला कणांचा, दुसरा पाण्याचा, तिसरा तेलाचा. पाण्याच्या जागी ४ असेल तर दाबाखालचा दवबिंदू ३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी लागतो. साधा रेफ्रिजरेशन ड्रायर व्यवस्थित चालू असेल तर तिथपर्यंत पोचतो, नुसता पाणी गाळणारा फिल्टर पोचत नाही. फिल्टरच्या बाउलमध्ये सकाळी पाणी साचलेले दिसत असेल तर आजच कळवा. तशा हवेवर चाललेल्या स्पिंडलचा क्लेम आम्हीही लढवू शकणार नाही, आणि लढवूही नये असे आमचे मत आहे.

या ग्राहकाकडे ड्रायर होता आणि ड्रेन काढल्याची वही होती. रोजची नोंद नव्हती, मधले काही दिवस सुटले होते, पण शाई आणि अक्षर वेगवेगळे, म्हणजे वही नंतर बसून भरलेली नव्हती. आम्ही उत्तरात तीनच गोष्टी जोडल्या: नळीचे फोटो, रनआउटची मापे आणि वहीची पाने. पुरवठा ठीक होता, अडथळा कारखान्याच्या सीलच्या आत होता, एवढेच लिहिले. तीन आठवड्यांनी कंपनीने बिल मागे घेतले.

मंजूर म्हणजे सगळे फुकट नव्हे, हेही आधीच सांगतो. पत्रात भाग मोफत आहे. त्यावरची कस्टम ड्युटी, उतरवणी आणि मशिन बंद राहिल्याचे नुकसान त्यात येत नाही. बंद काळाचे नुकसान कुठलाच उत्पादक देत नाही असे समजून चला. बेल्ट, वायपर, फिल्टर, एन्कोडरची बॅटरी हे झिजणारे भाग पहिल्या दिवसापासून वगळलेले असतात. बदललेल्या युनिटची वॉरंटीही नव्याने १२ महिने सुरू होत नाही, मूळ मशिनची उरलेली मुदतच लागू राहते. या ग्राहकाची ती संपलेली होती, म्हणून आम्ही विनंती करून नव्या युनिटसाठी ६ महिने लेखी घेतले. मागितल्याशिवाय ते मिळत नाहीत, आणि ही मागणी मंजुरीचे पत्र येताच करायची असते.

जुना भाग ३० दिवसांत परत गेला नाही तर नव्याचे बिल आपोआप लागते. त्यामुळे नवे युनिट ज्या पेटीतून येते ती पेटी मोडू नका. जुने त्यातूनच परत पाठवायचे असते.