फोटोत नंतर उभा केलेला माणूस आणि त्याची सावली

घरच्या ग्रुप फोटोत एक जण नव्हता म्हणून त्याला नंतर ‘बसवायचं’, हे काम कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं. 1857 साली तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापलं गेलं होतं. 1870 मध्ये मॉन्ट्रियलच्या एका स्टुडिओने बर्फावरच्या मेळाव्याचं चित्र केलं, तेव्हा शेकडो माणसांचे वेगवेगळे फोटो काढले, कडेने कापले, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवले आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घेतला. त्यात एक मोठी सोय होती. माणसं स्टुडिओत, ठरवून दिलेल्या उजेडात उभी राहिली होती आणि जमीन चित्रकाराच्या हातची होती. आजची अडचण उलटी आहे. जमीनही खरी, उन्हातली, आणि येणारा माणूस दुसऱ्याच उजेडातला.

डार्करूमचा काळ इथे सोडून देतो, कारण खरा बदल 1994 चा. फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे एकमेकांवर ठेवलेले चित्राचे सुटे थर, आले. त्याआधी चिकटवलेला माणूस सिलेक्शन सुटताच खालच्या चित्रात मिसळून जाई, मग त्याला सरकवणं अवघड. लेयरमुळे माणूस एका थरावर आणि त्याची सावली दुसऱ्या थरावर ठेवता येऊ लागली. ‘सावली टाकली का?’ हा प्रश्न तेव्हापासून कामाच्या टेबलावर रुळला, आणि गोंधळही तिथूनच सुरू झाला.

कारण ‘सावली’ या एका शब्दात तीन गोष्टी आहेत. एक अंगावरची, म्हणजे गालाची, मानेखालची, शर्टाच्या घडीची काळोखी बाजू. दुसरी बुटाच्या तळव्याला चिकटलेली, बोटभर रुंदीची आणि सगळ्यात गडद. तिसरी जमिनीवर लांब पडलेली. गिऱ्हाईक तिसरीबद्दल बोलतं, पण माणूस तरंगतो तो दुसरी नसल्यामुळे, आणि परका वाटतो तो पहिली जुळत नसल्यामुळे.

एक उदाहरण घेऊ. नऊ जण एका रांगेत हिरवळीवर उभे आहेत, ऊन डावीकडून, सावल्या उजवीकडे. दहावा, म्हणजे धाकटा भाऊ, वेगळ्या फोटोत आहे. त्याला कोणत्या टोकाला उभा करायचा? डावीकडे केला, तर त्याची सावली शेजारच्या बहिणीच्या अंगावर पडायला हवी, पण फोटोत ती लख्ख उन्हात आहे. म्हणजे जी खरोखर तिथे उभी होती, तिच्यावरच रंगकाम करावं लागणार. म्हणून उजवं टोक बरं. तिथे मात्र नवव्याची सावली आधीच जमिनीवर आहे. ती भावाच्या पायांशी येऊन थांबत नाही, त्याच्या पँटवर चढते. तेवढा पट्टा काळा करावाच लागतो.

पुढची चूक हमखास होते. भावाची नवी सावली नवव्याच्या सावलीवर जिथे पडते, तिथे मल्टिप्लाय मोडमधला, म्हणजे खालचं चित्र आणखी गडद करणारा थर दुप्पट काळा दिसतो. सूर्य एकच असल्याने जिथे तो आधीच झाकला गेलाय तिथे दुसरी सावली जास्त काळोख आणू शकत नाही. तो भाग मास्कने, म्हणजे थराचा तेवढाच तुकडा झाकून, वगळायचा. कडही सगळीकडे सारखी ठेवायची नाही. सूर्याची तबकडी आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे अडवणाऱ्या वस्तूपासून दर मीटरमागे सावलीची कड साधारण एक सेंटिमीटर मऊ होते. पावलाशी धारदार, डोक्याशी धूसर. सगळ्या सावलीवर एकसारखा ब्लर दिसला की डोळ्याला खटकतं.

माप डोक्यावरून घ्यायचं, त्याच रांगेतल्या शेजाऱ्याच्या हनुवटी ते माथ्यापर्यंतच्या अंतराशी ताडून. पण भावाचा फोटो हातभर अंतरावरून काढलेला असेल, तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. लहान-मोठा करून ते बदलत नाही. अशा वेळी दुसरा फोटो मागावा, जमल्यास ग्रुप जितक्या अंतरावरून आणि जितक्या उंचीवरून काढला तितक्याचा.

सगळ्यात वादाचा निर्णय ‘फ्लिप’चा. भावावर उजेड उजवीकडून असेल, तर त्याला आरशासारखा उलटवला की दिशा एका क्लिकमध्ये जुळते. घाईत अनेक जण हेच करतात आणि तांत्रिकदृष्ट्या प्रकाश खरंच जुळतो. मला हे मान्य नाही. भांग उलटा पडतो, शर्टाची बटणपट्टी दुसऱ्या बाजूला जाते आणि गालावरचा तीळ डाव्याऐवजी उजव्या गालावर येतो. परक्याला कळणार नाही, पण हा फोटो बघणार त्याची आई. ‘हा असा का दिसतोय?’ असं ती विचारते आणि नेमकं कारण तिलाही सांगता येत नाही.

त्यापेक्षा मऊ, सपाट उजेडातला, थेट ऊन नसलेल्या मोकळ्या सावलीतला फोटो मागवावा. त्यात चित्रात डावीकडे दिसणाऱ्या गालावर थोडा उजाळा आणि उजवीकडच्या बाजूला काळोख हाताने चढवता येतो. कडक उन्हाने नाकाखाली पडलेली काळी रेघ मात्र पुसून नवी त्वचा रंगवणं फारच क्वचित जमतं.