कमी उलाढालीच्या शेअरवर आरएसआय का फसतो : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी एक प्रकार बराच ठरावीक आहे. आरएसआय हा अलीकडची भाववाढ आणि भावघट यांची तुलना शून्य ते शंभर या मापावर दाखवणारा निर्देशांक आहे. एखाद्या छोट्या कंपनीच्या शेअरवर तो अचानक ऐंशीच्या वर जातो, पुढच्याच सौद्यानंतर तो पुन्हा पन्नाशीवर येतो आणि ग्राहक विचारतात की चार्टमध्ये काही बिघाड आहे का. बिघाड नसतो. गणित बरोबर असते, पण त्या गणिताला जो भाव पुरवला जातो तो आपल्याला वाटतो त्या गोष्टीचे मोजमाप करत नसतो. हे कसे घडते, हे एका उदाहरणाने या पत्रकात सविस्तर मांडले आहे. उदाहरण आरएसआयचे घेतले आहे, कारण सर्वाधिक गोंधळ त्याच्याबाबतीत होतो.

न हललेल्या शेअरचा चढउतार

समजा, एका शेअरला सर्वांत चांगला खरेदीदार 98 देऊ करत आहे आणि सर्वांत स्वस्त विक्रेता 102 मागत आहे. म्हणजे बिड 98, आस्क 102 आणि दोन्हींमधला स्प्रेड 4. दिवसभर हे दोन्ही भाव जागचे हलत नाहीत. शेअरचे मूल्य काय, याविषयी बाजाराचे मत बदललेले नाही आणि दोहोंच्या मधला बिंदू, म्हणजे मध्यभाव, 100 वर स्थिर आहे.

या शांत शेअरमध्येही अधूनमधून सौदे होतातच. ज्याला लगेच घ्यायचे आहे तो 102 ला घेतो आणि ज्याला लगेच विकायचे आहे तो 98 ला विकतो. चार्टवर मात्र फक्त शेवटच्या सौद्याचा भाव उमटतो, त्यामुळे तिथे 98, 102, 102, 98, 102 असा चढउतार दिसतो. हा चढउतार मूल्याचा नसून सौदा कोणाच्या घाईने झाला, याचा आहे. अर्थशास्त्रात याला बिड-आस्क बाउन्स म्हणतात. रिचर्ड रोल यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की लागोपाठच्या भावबदलांमध्ये यामुळे जो उलट संबंध तयार होतो, त्यावरून स्प्रेडचाही अंदाज बांधता येतो. भाव वर गेल्यानंतर खाली येण्याची आणि खाली आल्यानंतर वर जाण्याची ही प्रवृत्ती खरी आहे, पण ती कमाईची संधी नाही. तिची किंमत सौदा करणाराच मोजत असतो.

मोठ्या उलाढालीच्या शेअरमध्येही हे घडते, परंतु तिथे स्प्रेड भावाच्या अगदी किरकोळ अंशाएवढा असतो आणि भावाच्या खऱ्या हालचालीत तो बुडून जातो. आपल्या उदाहरणात मात्र स्प्रेड भावाच्या 4 टक्के आहे आणि खरी हालचाल शून्य आहे.

रिकामे बार काय करतात

आता यात दुसरी अडचण मिसळते. पंधरा मिनिटांच्या चार्टवर दर पंधरा मिनिटांच्या भावाचा एक बार असतो आणि अशा शेअरचे कित्येक बार सौद्याविना जातात. माहिती पुरवणाऱ्या काही सेवा असे बार वगळतात, तर काही सेवा तिथे मागचाच बंद भाव पुन्हा लिहून व्हॉल्यूम शून्य दाखवतात. चार्टवर ती छोटी आडवी रेघ दिसते आणि ती निरुपद्रवी वाटते, पण खरा घोटाळा तिथेच आहे.

वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेल्या आरएसआयमध्ये प्रत्येक बारला दोन सरासऱ्या अद्ययावत होतात, एक वाढीची आणि एक घटीची. चौदा बारच्या नेहमीच्या मांडणीत जुन्या सरासरीला 13 ने गुणायचे, त्यात त्या बारची वाढ किंवा घट मिळवायची आणि 14 ने भागायचे. मग वाढीच्या सरासरीला दोन्ही सरासऱ्यांच्या बेरजेने भागून 100 ने गुणले की आरएसआय मिळतो.

रिकाम्या बारमध्ये वाढही शून्य आणि घटही शून्य असते. त्यामुळे दोन्ही सरासऱ्या एकाच प्रमाणात आटतात आणि प्रत्येक रिकाम्या बारला आधीच्या तेरा-चौदांश उरतात. दोन्ही सारख्याच आटत असल्याने त्यांचे गुणोत्तर तेच राहते आणि आरएसआयची रेघ जागच्या जागी स्थिर दिसते. वरवर काहीच होत नाही, पण आतून सरासऱ्या पोकळ होत चाललेल्या असतात.

आकडे घेऊन पाहू. सुरुवातीला वाढीची सरासरी 0.30 आणि घटीचीही 0.30 आहे, म्हणजे आरएसआय 50 आहे. शेवटचा सौदा 98 ला झालेला आहे. यानंतर लगेच पुढच्या बारमध्ये 102 ला सौदा झाला, तर वाढीची सरासरी साधारण 0.56 होते, घटीची 0.28 होते आणि आरएसआय 67 वर जातो. ज्या रेषेच्या वर भाव प्रमाणाबाहेर चढला असे मानतात, ती सत्तरची रेषा ओलांडली जात नाही.

आता तोच सौदा वीस रिकाम्या बारनंतर झाला, असे समजा. वीस बारमध्ये दोन्ही सरासऱ्या मूळच्या 23 टक्क्यांवर, म्हणजे साधारण 0.068 वर आलेल्या असतात, पण आरएसआय अजून 50 च दाखवत असतो. मग 102 चा सौदा होतो. वाढीची सरासरी 0.349 होते, घटीची 0.063 होते आणि आरएसआय एकदम 85 वर उडतो. भावातला बदल तोच, स्प्रेड तोच आणि बाजाराचे मतही तेच. फरक पडला तो फक्त मधल्या शांततेने. त्यापुढच्या बारमध्ये कोणी 98 ला विकले, तर आरएसआय थेट 48 च्या आसपास उतरतो. ज्याला ग्राहक चार्टचा बिघाड समजतात तो हाच.

काही सॉफ्टवेअर वाइल्डरची पद्धत न वापरता शेवटच्या चौदा बारची साधी सरासरी घेतात. तिथे परिस्थिती याहून वाईट असते. चौदाही बार रिकामे असतील तर शून्याला शून्याने भागावे लागते आणि प्रत्येक सॉफ्टवेअर त्यावर आपापला आकडा चिकटवते. त्यानंतरच्या पहिल्या वरच्या सौद्याला आरएसआय बरोबर 100 दाखवतो. हा सौदा एका शेअरचा असला तरी फरक पडत नाही. आरएसआयला व्हॉल्यूम दिसतच नाही.

स्टॉप लॉसही याच खड्ड्यात पडतो

भाव एका बारमध्ये सरासरी किती हलतो हे सांगणारे एटीआर हेही वाइल्डर यांचेच माप आहे आणि तेही तसेच आटते. मूळ एटीआर 2 असेल तर वीस रिकाम्या बारनंतर तो साधारण 0.45 उरतो आणि 102 च्या सौद्याचा बार धरूनही 0.71 पर्यंतच सावरतो. कोणी त्या बारनंतर 102 ला खरेदी करून दोन एटीआर खाली स्टॉप, म्हणजे भाव तिथवर उतरला की आपोआप विकण्याची ऑर्डर, लावला, तर तो सुमारे 100.6 वर बसतो. पण बिड तर 98 आहे. म्हणजे ज्या भावाला हा शेअर प्रत्यक्षात विकता येतो, त्याच्या वरच स्टॉप लावला गेला. पुढच्या पहिल्या विक्रीच्या सौद्यालाच तो लागतो आणि ग्राहकाला 98 मिळतात. काहीही न घडता जवळपास 4 टक्के गेले.

बॅकटेस्ट इतका सुंदर का दिसतो

हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नुकसान एका सौद्याचे नसते. आरएसआय 30 च्या खाली गेला की खरेदी आणि 70 च्या वर गेला की विक्री, असा साधा नियम अशा शेअरच्या जुन्या भावांवर तपासला, तर निकाल विलक्षण चांगला येतो. कारण उघड आहे : आरएसआय खाली जातो तो भाव बिडवर, म्हणजे 98 वर, उमटला म्हणून. जुन्या भावांवरची ही तपासणी, म्हणजे बॅकटेस्ट, त्याच बंद भावाला खरेदी झाली असे धरतो. आरएसआय वर जातो तो 102 उमटल्यावर, आणि विक्री तिथे झाली असे धरले जाते. प्रत्येक फेरीला 4 चा कागदी नफा होतो.

प्रत्यक्षात लगेच खरेदी करायची तर 102 द्यावे लागतात आणि लगेच विकायचे तर 98 मिळतात. म्हणजे प्रत्येक फेरीला 4 चा तोटा. कागद आणि वास्तव यांत एका फेरीमागे 8 चे अंतर पडते आणि फेऱ्या जितक्या जास्त, तितका कागद अधिक देखणा होतो. लिमिट ऑर्डर लावून आपणही 98 ला घेऊ, असे यावर कोणी म्हणेल. ते शक्य आहे, पण तिथे आपल्या आधी लागलेल्या ऑर्डर असतात, आणि आपली ऑर्डर हमखास भरली जाते ती मूल्य खरोखर घसरत असताना, जेव्हा 98 हा भाव महाग ठरलेला असतो. चांगल्या फेऱ्यांमध्ये ती तशीच पडून राहते.

म्हणून लहान शेअरवरील एखादी आरएसआय पद्धत फारच सातत्याने नफा दाखवत असेल, तर खरेदी आस्कला आणि विक्री बिडला धरून ती पुन्हा चालवावी. नफा नाहीसा झाला, तर आपण बाजार मोजत नव्हतो, स्प्रेड मोजत होतो.

ओळखायचे कसे आणि काय करायचे

सर्वांत सोपी तपासणी कागदावर होते. त्या शेअरचे शेवटचे तीस सौदे क्रमाने लिहून काढावेत. भाव दोनच पातळ्यांवर उड्या मारत असतील आणि त्या पातळ्या बिड-आस्कशी जुळत असतील, तर त्या चार्टवरील कोणताही निर्देशांक त्या कालावधीत वाचू नये. दुसरी खूण म्हणजे ज्या बारमध्ये सौदा झाला त्यांतला नेहमीचा भावबदल. तो स्प्रेडएवढाच किंवा त्याहून कमी असेल, तर संकेतामध्ये स्प्रेडच बोलत आहे, असे समजावे.

आमच्या चार्टवर शून्य व्हॉल्यूमचे बार वगळण्याची सोय आहे. ती चालू केल्यास सरासऱ्या आटणे थांबते, पण बाउन्स जात नाही. शिवाय मग चौदा बार म्हणजे कधी अर्धा दिवस आणि कधी चार दिवस होतात, हे ध्यानात ठेवावे लागते. दैनंदिन चार्टवर रिकामे बार कमी होतात, परंतु दिवसाचा बंद भाव तिथेही बिडवर पडला की आस्कवर, हा योगायोगच असतो.

शेवटच्या सौद्याऐवजी मध्यभावावर आरएसआय काढणे हा अधिक चांगला उपाय आहे. वरच्या उदाहरणात मध्यभाव सतत 100 राहिल्याने एकही खोटा संकेत आला नसता. मात्र यालाही मर्यादा आहे. 98 ची बिड एकाच छोट्या ऑर्डरची असेल आणि ती मागे घेतल्यावर पुढची बिड 90 वर असेल, तर एकही सौदा न होता मध्यभाव 100 वरून 96 वर येतो आणि आरएसआय पुन्हा कोसळतो. म्हणून मध्यभाव वापरताना त्या पातळीवर किती शेअरची ऑर्डर आहे, तेही पाहावे. ज्या शेअरमध्ये दोन्ही बाजूंना बहुतेक वेळ एखाद-दुसरीच ऑर्डर असते, तिथे आम्ही ग्राहकांना आरएसआय लावण्याऐवजी ऑर्डरची यादीच समोर उघडी ठेवायला सांगतो.