एल्डरबेरी विषाणूला नेमकी कुठे अडवते?

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. हे काटे आपल्या श्वसनमार्गातील पेशींवरच्या सियालिक आम्लाला चिकटतात, मग पेशी विषाणूला एका पुटिकेत, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशवीत, ओढून घेते आणि आतली आम्लता वाढली की विषाणूचे आवरण पुटिकेच्या पटलात मिसळून त्याची जनुके बाहेर पडतात. काळी एल्डरबेरी, म्हणजे सांबुकस नायग्रा, या फळाच्या अर्कातील फ्लॅव्होनॉइड रेणू याच काट्यांना आधीच चिकटतात आणि त्यामुळे विषाणूला पेशीला धरता येत नाही, असे मानले जाते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एच१एन१ विषाणूचा संसर्ग निम्म्यावर आणण्यासाठी दर मिलिलिटरला सुमारे २५० मायक्रोग्रॅम अर्क लागला होता.

अर्क प्रवेशच रोखतो की आत शिरलेल्या विषाणूची वाढ मंदावतो, हे ठरवण्यासाठी तो वेगवेगळ्या वेळी देऊन पाहतात: काही पेशींना संसर्गाआधी, काहींना विषाणूबरोबर आणि काहींना संसर्ग झाल्यानंतर. केवळ दार अडवले जात असेल, तर शेवटच्या गटात फारसा परिणाम दिसू नये. सिडनीतील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेले निष्कर्ष मात्र उलटे होते, कारण सुरुवातीच्या टप्प्यावरचा परिणाम सौम्य, तर संसर्गानंतरचा बराच अधिक होता. त्यामुळे ‘प्रवेश रोखणे’ हे अर्कावर चिकटलेले वर्णन मला अपुरे वाटते.

त्याच प्रयोगात अर्कामुळे आयएल-६, आयएल-८ आणि टीएनएफ या सायटोकाइनांचे, म्हणजे प्रतिकारपेशींना हाका मारणाऱ्या प्रथिनांचे, प्रमाण वाढले. फळाचा मुख्य रंगद्रव्य-रेणू, सायनिडिन-३-ग्लुकोसाइड, एकटा दिल्यावर विषाणूला थेट अडवत होता, पण ही वाढ त्याने घडवली नाही. म्हणजे दोन्ही कामे एकाच घटकाची नाहीत. अर्क सायटोकाइनांचे ‘नियमन’ करतो असे सरसकट म्हटले जाते, पण या प्रयोगात दिसली ती वाढ, आणि ताप व अंगदुखी आणण्यात याच सायटोकाइनांचा हात असतो.

खरी अडचण मात्रेची आहे. अँथोसायनिन, म्हणजे या फळातील रंगद्रव्य-रेणू, आतड्यातून फार थोडे शोषले जातात आणि रक्तातील त्यांचे प्रमाण प्रयोगशाळेतील बशीतल्या मात्रेच्या जवळपासही जात नाही. गिळताना घशाशी होणारा थेट संपर्क ही त्यातल्या त्यात शक्य वाटणारी वाट, पण तो क्षणभराचा असतो. नॉर्वेत ६० फ्लूरुग्णांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्क घेणाऱ्यांची लक्षणे सरासरी चार दिवस लवकर कमी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८७ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत मात्र आजाराचा कालावधी किंवा तीव्रता यांपैकी काहीही कमी झाल्याचे आढळले नाही.