एजीपी आलेख: मधली रेषा आणि दोन पट्टे कसे वाचावेत

दंडावर लावलेल्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरचे १४ दिवस झाले की एजीपी, म्हणजे दिवसभरातल्या साखरेच्या चढउताराचा अहवाल निघतो. त्यातल्या मोठ्या आलेखात सगळे १४ दिवस घड्याळाच्या वेळेनुसार एकावर एक ठेवलेले असतात. आडवी बाजू रात्री १२ ते रात्री १२, उभी बाजू साखर. ७० आणि १८० वरच्या दोन आडव्या रेषा म्हणजे बहुतेकांसाठीचे लक्ष्य. अहवाल काढण्याआधी सेन्सरची नोंद निदान ७० टक्के वेळ झाली आहे ना, ते पाहावे. त्याहून कमी असेल तर पट्ट्यांवर फार विसंबू नये.

मधली जाड रेषा सरासरी दाखवत नाही. त्या वेळच्या सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावल्या की निम्म्या हिच्या खाली आणि निम्म्या वर येतात. त्यामुळे एखाद्या दिवशी साखर ३५० झाली तरी ही रेषा फारशी हलत नाही. तो दिवस दिसतो तो पट्ट्यांत. गडद पट्ट्यात त्या क्रमातल्या मधल्या निम्म्या नोंदी, म्हणजे २५ ते ७५ टक्क्यांमधल्या, असतात, फिक्यात ५ ते ९५ टक्क्यांमधल्या. काही अहवालांत फिका पट्टा १० ते ९० चा असतो, म्हणून बाजूचे आकडे वाचून घ्यावेत.

समजा, सकाळी १० वाजता रेषा १६० वर आहे आणि गडद पट्टा १३५ ते २१० आहे. रेषा लक्ष्यात आहे म्हणून खूश होऊ नका. पट्टा खाली २५ ने आणि वर ५० ने पसरला आहे, आणि साधारण पाव दिवस, म्हणजे १४ पैकी तीन-चार दिवस, साखर २१० च्याही वर गेली आहे. आता दिवसवार आलेखांत ते दिवस शोधा. त्याच दिवशी भाकरीऐवजी इडली-वडा झाला होता का, की गोळी उशिरा घेतली? रोजचाच नाश्ता जड असता, तर पट्टा अरुंद राहून रेषाच वर चढली असती.

पहाटे ३ ला रेषा १२० वर, पण फिक्या पट्ट्याची खालची कड ६० वर असेल, तर डॉक्टरांना दाखवायची पहिली जागा तीच. झोपेत सेन्सरचा दंड अंगाखाली दाबला गेला तरी खोटी घसरण दिसते. ती बहुधा एकदम खाली जाते आणि कूस बदलल्यावर तितक्याच झटकन वर येते. शंका असेल तर त्याच वेळी बोटाची तपासणी करा. इन्सुलिन किंवा गोळीचा डोस मनाने बदलू नका.

यंत्रमागावर किंवा टॉवेल कारखान्यात आठवड्याला पाळी बदलत असेल, तर हा आलेख सरळ फसवतो. एका आठवड्यात रात्री २ ला झोप असते, दुसऱ्यात डबा. दोन्ही एकाच उभ्या ओळीत येतात, पट्टा फुगतो आणि मधली रेषा अशा आकड्यावर थांबते, जो दोन्ही आठवड्यांत क्वचितच आलेला असतो. अशा ग्राहकांनी पाळी बदलल्याच्या तारखा आम्हाला सांगाव्यात. आम्ही दोन्ही आठवड्यांचे दिवसवार आलेख वेगळे छापून देतो, डॉक्टरांकडे तेच न्यावेत.