हाइक मागताय की करेक्शन?

नोकरी बदलताना दोन वेगळ्या गोष्टींना आपण सर्रास एकच नाव देतो: हाइक. आज मिळणाऱ्या पगारात टक्क्यांनी पडणारी भर म्हणजे हाइक. ज्या कामाचा बाजारातला दर आपल्या पगाराच्या बराच वर आहे, त्या दरापर्यंत पगार नेणं म्हणजे करेक्शन. एचआरच्या टेबलावर या दोन्हींचे निकष वेगळे असतात. करेक्शन हवं असताना हाइकच्या भाषेत बोललं, की चांगल्या उमेदवाराचंही नुकसान होतं.

समजा, चार वर्षं अनुभव असलेली एक बॅकएंड डेव्हलपर आहे. कॅम्पसमधून कमी पगारावर लागली आणि दरवर्षीच्या वाढीने आता ७.२ लाख फिक्स्डवर पोचली. नव्या कंपनीत याच कामाचा बँड १२ ते १५ लाखांचा आहे. ती १२.५ लाख मागते. एचआर म्हणतं, "७४ टक्के? आमची पॉलिसी ३० टक्क्यांची आहे." ३० टक्क्यांनी होतात ९.३६ लाख.

इथे पुष्कळ जण टक्क्यांवरच घासाघीस करत बसतात: ३० नको, ४० द्या. पण ४० टक्क्यांनीही १०.०८ लाखच होतात, म्हणजे बँडच्या तळाच्याही खाली. ९.३६ वर रुजू होऊन दरवर्षी १० टक्के वाढ मिळाली, तरी १२.४६ लाखांवर पोचायला तीन वर्षं लागतात. आजचा दर तीन वर्षांनी हातात येणार, आणि तोवर बँडही पुढे सरकलेला असणार.

आपलं प्रकरण कोणतं, हे ओळखायला एक साधा भागाकार पुरतो. आपला फिक्स्ड पगार भागिले बँडचा मध्य. एचआरमध्ये याला कंपा-रेशो म्हणतात. इथे ७.२ भागिले १३.५, म्हणजे ०.५३. बँडचा तळच ०.८९ वर आहे, त्यामुळे हे उघड करेक्शनचं प्रकरण. आकडा १च्या आसपास असेल, तर करेक्शनचा मुद्दाच उरत नाही. तिथे नेहमीच्या २०-३० टक्क्यांची अपेक्षा ठेवावी. त्याहून मोठी उडी हवी असेल, तर वरच्या पातळीचं पद मागावं लागेल. बँड कळण्यासाठी पहिल्याच फोनवर रिक्रूटरला विचारायचं, "या पदाचं बजेट काय आहे?" सगळे सांगत नाहीत, पण बरेच जण सांगतात. त्याच पातळीवर काम करणाऱ्या दोन-तीन ओळखीच्यांकडून खातरजमाही करून घ्यावी.

आता समर्थन. घराचं भाडं, ईएमआय, "मला खूप कमी पगार मिळतोय" ही कारणं एचआरला वर मंजुरीसाठी पाठवता येत नाहीत. ३० टक्क्यांच्या वर जायला बहुतेक ठिकाणी बिझनेस हेडची मंजुरी लागते, आणि त्या मेलमध्ये चिकटवता येईल असं काहीतरी आपण हातात द्यायचं असतं. आपली डेव्हलपर असं म्हणू शकते: "माझा पगार कॅम्पसच्या वेळी ठरला आणि त्यावरच वाढत गेला. आज मी पेमेंट सर्व्हिस एकटी सांभाळते, रिलीज माझ्याकडे आहे, दोन ज्युनिअरना मी घडवते. तुमच्या जेडीत हेच काम लिहिलंय. म्हणून मी बँडच्या खालच्या टोकाजवळचा आकडा मागतेय." दुसऱ्या कंपनीची लेखी ऑफर असेल, तर याला सगळ्यात जास्त वजन येतं. माझ्या मते खालचं टोक मागणंच शहाणपणाचं. बँडचा मध्य मागितला, की टीममधल्या जुन्या लोकांच्या पगाराशी तुलना होते आणि मंजुरी अडते.

सध्याचा पगार मात्र फुगवून सांगू नये. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, कधी बँक स्टेटमेंटही मागतात, आणि खोटं सापडलं की ऑफर मागे घेतली जाते. आकडा खरा सांगायचा आणि लगेच म्हणायचं, "हा माझ्या जुन्या पगाराचा इतिहास आहे, या पदाचा दर नव्हे."

मंजुरी टाळण्यासाठी येणारी एक ऑफर ओळखून ठेवा: "११ लाख देतो." ७.२ वर ५३ टक्के दिसतात. फोडून पाहिलं, तर ९.३६ फिक्स्ड, १.१ व्हेरिएबल, ०.५४ जॉइनिंग बोनस. म्हणजे फिक्स्डवर तेच ३० टक्के. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुधा परत द्यावा लागतो. त्यामुळे तुलना नेहमी फिक्स्डची फिक्स्डशी करा, सीटीसीची सीटीसीशी नको. अशा वेळी म्हणायचं, "जॉइनिंग बोनस नको, फिक्स्ड १२ करा." १२ लाख म्हणजे बँडचा तळ, ६७ टक्के वाढ. यालाही नकार आला, तर बँड खरंच १२ पासून सुरू होतो का, हे पुन्हा विचारावं. कधी कधी त्या पदाची पातळीच एक पायरी खालची निघते.