पगारी मॉडरेशन (गोवा)

पैसे घेऊन दुसऱ्याच्या ऑनलाइन ग्रुपची राखण करण्याचे काम. फेसबुक किंवा रेडिट आपल्या ग्रुपांच्या मॉडरेटरांना पगार देत नाहीत. पैसे देतो तो ग्रुपचा मालक, म्हणजे ज्याचा धंदा त्या ग्रुपवर चालतो तो. या नोंदीत भाड्याच्या घरांचा ग्रुप उदाहरणाला घेतला आहे, कारण गोव्यातले सगळ्यात नाजूक भांडण तिथेच पेटते: गोंयकार, म्हणजे मूळचे गोव्याचे, आणि भायले, म्हणजे बाहेरून आलेले.

रोजचे काम मंजुरीच्या रांगेपासून सुरू होते. प्रत्येक पोस्टमध्ये गाव, भाडे, डिपॉझिट आणि फोटो पाहायचे. फोटो इमेज सर्चमध्ये टाकला आणि तोच हॉल पुण्याच्या जाहिरातीत निघाला, तर पोस्ट अडवायची. ‘मी आर्मीत आहे, बदली झाली, चावी कुरिअरने पाठवतो, आधी टोकन द्या’ ही फसवणुकीची जुनी चाल आहे. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे सदस्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. दुसरी फेरी दुपारी आणि खरी फेरी रात्री नऊनंतर, कारण लोक जेवून मोबाईल हातात घेतात तेव्हाच वाद पेटतात.

शिव्या पकडायला शब्दांची यादी लावतात, पण ती आंधळी असते. परप्रांतीयाला हिणवणारा ‘घाटी’ हा शब्द इथे `ghati` आणि `ghanti` असा दोन्ही तऱ्हांनी लिहिला जातो. यादीत `ghanti` टाकले की चतुर्थीच्या दिवसांत पितळी घंटी विकणाराही अडकतो. `ghat` टाकले तर चोर्ला घाटातल्या रस्त्याची चौकशी अडते. म्हणून अशा शब्दांवर पोस्ट आपोआप उडवू नये, फक्त सूचना यावी आणि निर्णय माणसाने घ्यावा. कोकणी, मराठी, हिंदी आणि रोमी लिपी वाचता येणारा मॉडरेटर म्हणूनच हवा.

समजा, रविवारी रात्री पावणेदहाला मडगावच्या एका खोलीची पोस्ट आली: ‘गोंयकारांक पसंती’. अर्ध्या तासात साठ कमेंट. एकाने ‘घाटी’ म्हटले, दुसऱ्याने ‘तुमचा गोवा आमच्या पैशावर चालतो’ म्हणून सुनावले. अशा वेळी आधी त्या पोस्टवरच्या कमेंट बंद करायच्या, मग स्क्रीनशॉट घ्यायचे. पोस्ट काढायची नाही. ती काढली की घरमालक म्हणतो तुम्ही भायल्यांचे, आणि ठेवून गप्प बसलात की भाडेकरू म्हणतो तुम्ही त्यांचे. जातीवाचक, धर्मवाचक किंवा हिणवणाऱ्या कमेंट मात्र एकेक करून काढायच्या, दोन्ही बाजूंच्या, एकाच नियमाचा क्रमांक सांगून. मग दोघांना खासगीत संदेश: ‘भाऊ, तुमचा मुद्दा राहील, शब्द काढला आहे. सकाळी कमेंट परत उघडतो.’ सूचना मराठीतही द्यावी आणि कोकणीतही. एकाच भाषेत दिली तर, माझ्या मते, तो निर्णय त्या भाषेचाच वाटतो. कोणती कमेंट, किती वाजता आणि कोणत्या नियमाने काढली, हे वहीत लिहून ठेवले की उद्या मालकाने विचारल्यावर उत्तर तयार असते.

कायद्याचा एक बारकावा इथे लागतो. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की व्हॉट्सॲप ग्रुपच्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. संगनमत दिसायला हवे. मजकूर येण्याआधी तो तपासण्याची सोय ॲडमिनकडे नसते, हेही त्यामागचे एक कारण होते. मंजुरीच्या रांगेतून पोस्ट सोडणाऱ्याला ते कारण पुढे करता येणार नाही. म्हणून पगारी मॉडरेटरने कोणत्या पोस्टवर अंतिम निर्णय मालकाचा, हे लेखी ठरवून घ्यावे.

दर सदस्यसंख्येवर ठरवू नये, कामाच्या वेळेवर ठरवावा. वीस हजारांचा शांत ग्रुप तीन हजारांच्या भांडखोर ग्रुपपेक्षा सोपा असतो. हिशेब असा: दिवसाला चाळीस पोस्ट, प्रत्येकी एक मिनिट, कमेंट आणि तक्रारींना तासभर, खासगी संदेशांना वीस मिनिटे. म्हणजे दोन तास. महिन्याचे 26 दिवस धरले तर 52 तास. तासाला 150 ते 200 रुपये मागितले तर 7,800 ते 10,400 रुपये होतात. रात्री अकरानंतर हाक मारल्यास वेगळे पैसे, आणि आठवड्याची सुट्टी कोण सांभाळणार तेही आधीच बोलावे. ‘काढलेल्या पोस्टमागे इतके रुपये’ हा करार मात्र टाळावा. त्यात निरपराध पोस्टही उडवायचा मोह होतो आणि महिन्याभरात चांगले सदस्य ग्रुप सोडून जातात.