पार्सलचा कोड घेणाऱ्याच्याच मोबाइलवर गेला पाहिजे

आमच्याकडून नेहमी माल पाठवणाऱ्या दुकानदारांसाठी आणि घरगुती व्यावसायिकांसाठी

पार्सल दारात गेलं, माणसाच्या हातात दिलं, मग वर तो चार आकडी कोड कशाला, असं आम्हाला रोज कोणी ना कोणी विचारतं. दिवाळीच्या आधी तर काउंटरवर यावरून वादही होतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. कोड कसा येतो हे तुम्हाला माहीत आहेच. अडचण होते ती बुकिंगच्या पावतीवरच्या एका रकान्यात.

त्या रकान्यावर ‘घेणाऱ्याचा मोबाइल’ असं छापलेलं आहे, आणि तिथे बरेच जण स्वतःच्या दुकानाचा नंबर लिहितात. सकाळी गाडी भरली की आमच्या सिस्टिममधून त्या दिवसाचे कोड आपोआप जातात. रकान्यात जो नंबर आहे त्यावरच ते जातात, कारण माणूस कोण हे सिस्टिमला कळत नाही. मग आमचा मुलगा वाकडला दारात उभा, घेणाऱ्या बाईंना कोडाचा पत्ता नाही आणि कोड पडलाय लक्ष्मी रोडवरच्या गल्ल्यातल्या मोबाइलमध्ये. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, फोन कोणी उचलत नाही. मुलाची दहा-पंधरा मिनिटं तिथेच जातात आणि त्याच्या गाडीतली पुढची सगळी पार्सलं उशिरा पोचतात. त्यात तुमचीच आणखी दोन असू शकतात.

एका पार्सलची गोष्ट

वेळ जातो तो जातोच, पण त्याहून मोठं नुकसान कसं होतं ते पाहा. एका साडीच्या दुकानातून बाणेरच्या सोसायटीत दोन पैठण्या गेल्या. बी विंग, चौथा मजला. पावतीवर नंबर दुकानाचा. घेणाऱ्या बाई ऑफिसला गेलेल्या, दाराला कुलूप. मुलाने दुकानात फोन लावला. तिकडून सांगणं झालं, “शेजारी देऊन टाक, कोड सांगतो, लिहून घे.” कोड जुळला, ॲपवर हिरवी खूण आली आणि नोंद पडली: घेणाऱ्याला दिले, दुपारी ४:२०.

संध्याकाळी बाईंचा दुकानात फोन आला, साड्या आल्याच नाहीत. दुकानदार म्हणाले, आल्या आहेत, कोड दिलाय. बाई म्हणाल्या, मला कसला कोड आलाच नाही. दोघंही खरंच बोलत होते. आम्ही नोंद उघडली तर कोड कुठल्या नंबरवर गेला ते तिथे होतं, शेवटचे चार आकडे दुकानाचे. ठिकाणाची खूणही सोसायटीच्या आवारातलीच होती. पण मोबाइलचं जीपीएस मजला सांगत नाही आणि उंच इमारतींमध्ये वीस-तीस मीटर सहज इकडेतिकडे होतं. पार्सल बी विंगला गेलं की शेजारच्या सी विंगला, हेसुद्धा त्या खुणेवरून ठरवता येत नव्हतं. शेजारच्या काकू तोवर गावाला निघून गेल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी परतल्या, तेव्हा पिशवी त्यांच्या कपाटात सुखरूप सापडली. साड्या मिळाल्या, पण तोवर बाईंनी पैसे परत मागितले होते.

कोड जुळला याचा अर्थ एवढाच, की ज्याच्या हातात तो मोबाइल आहे त्याने ‘दिलं’ म्हणून मान्य केलं. मोबाइल तुमचा असेल तर तुम्हीच तुमच्या गिऱ्हाइकाच्या नावाने सही केल्यासारखं झालं. पुढे तक्रार आली की ती नोंद तुमच्या कामाची राहत नाही आणि आमच्याही नाही.

त्यामुळे आमचा नियम असा: दुकानातून फोनवर सांगितलेला कोड मुलगा घेत नाही. त्याच्यावर रागावू नका, त्याला तसं आम्हीच सांगितलंय. घेणारी व्यक्ती घरात नसेल तर तिने स्वतःच्या मोबाइलवरचा कोड सासूबाईंना, वॉचमनला, शेजाऱ्यांना, ज्याला हवा त्याला कळवावा. त्यांच्याकडून आम्ही घेतो. नाहीतर पार्सल परत येतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातं. दुसऱ्या फेरीचे पैसे घेत नाही, तिसरीचे घेतो.

नंबर द्यायला कचरता का?

आम्हाला कळतं. गिऱ्हाइकाचे नंबर बाहेर गेले तर उद्या कोणीतरी परस्पर धंदा करेल, ही भीती काही चुकीची नाही. म्हणून मुलाच्या ॲपवर नंबर दिसतच नाही. तो बटण दाबतो, मधल्या एका नंबरवरून फोन जोडला जातो आणि पलीकडेही मुलाचा स्वतःचा नंबर दिसत नाही. पार्सल पोचलं की ते बटणही बंद होतं.

फोटो कधी?

घेणारीने “दाराशी ठेवा” असं आम्हाला कळवलं असेल, किंवा माल कमी किमतीचा असून तुम्ही पावतीवर तशी खूण केली असेल, तर कोडाऐवजी फोटो. फोटो ॲपच्याच कॅमेऱ्यातून निघतो, गॅलरीतला जुना फोटो लावता येत नाही, आणि वेळ व ठिकाण त्यावर आपोआप बसतं. पण मघाशी सांगितल्याप्रमाणे ठिकाण मजला सांगत नाही. म्हणून मुलांना एकच गोष्ट शिकवली आहे: पार्सलवरचं लेबल आणि दारावरचा फ्लॅट नंबर एकाच फोटोत आला पाहिजे. नुसत्या फरशीवर ठेवलेल्या खोक्याचा फोटो कुठल्याही दाराचा असू शकतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत दाराला नंबरच नसतो. तिथे पाटी, मीटर, जिन्याचा कठडा, जे ओळखू येईल ते घेतो. माणसाचा चेहरा घेत नाही. बेसमेंटमध्ये रेंज नसली तर फोटो मोबाइलमध्ये साठतो आणि वर आल्यावर जातो, त्यामुळे ‘पोचलं’ हा मेसेज कधी अर्ध्या तासाने येतो. लगेच घाबरून फोन करू नका.

आत माल काय होता, हे मात्र कोडही सांगत नाही आणि फोटोही नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा, की पार्सल हातात घ्यायचं, चिकटपट्टी फाटलेली नाही ना ते बघायचं आणि मगच कोड द्यायचा. पट्टी उचकटलेली दिसली तर कोड न देता पार्सल परत पाठवायचं.

गिऱ्हाइकाला कळवायच्या आणखी दोन गोष्टी. सोसायटीच्या गेटवर ॲपमधून जो आकडा येतो तो आत सोडण्याचा, आमचा नव्हे. लोक तोच वाचून दाखवतात आणि तीन वेळा चुकला की आमचा कोड बंद होऊन नवा मागवावा लागतो. आणि आमचा कोड आम्ही फोनवर कधीच विचारत नाही. ‘पार्सल रद्द करायचंय, कोड सांगा’ असा फोन आला तर तो आमचा नाही. पैसे गेलेच तर सायबर मदतीसाठी 1930 वर लगेच फोन करायला सांगा.

दागिने, मोबाइल, भारी साड्या यांच्यासाठी कोड आणि फोटो दोन्ही घेण्याची सोय आहे. पार्सलमागे थोडे जास्त पैसे पडतात, पण नोंद सहा महिने राहते आणि तिची लिंक तुम्हाला व्हॉट्सॲपवर मिळते.

तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी आमच्याकडे साठवलेली असेल, तर तिच्यात दुकानाचाच नंबर किती ठिकाणी बसलाय ते एकदा बघून घ्या. यादी घेऊन काउंटरवर आलात तर आमची मुलगी समोर बसून दुरुस्त करून देईल. सकाळी साडेदहापर्यंत गाड्या भरत असतात, त्यानंतर कधीही या.